कधीच न भिडलेल्या औषधांची तुलना

एट्रियल फिब्रिलेशन या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडते. तिथे रक्त साचते, गुठळी होते आणि ती मेंदूपर्यंत पोचली की पक्षाघाताचा झटका येतो. हे टाळण्यासाठी रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते आणि अनेक दशके ते औषध म्हणजे वॉरफरिन होते. २००९ ते २०१३ या काळात त्याला चार पर्याय पुढे आले. रि-लाय या चाचणीतून डाबिगाट्रान, रॉकेट एएफमधून रिव्हारोक्सॅबान, अॅरिस्टॉटलमधून अॅपिक्सॅबान आणि एन्गेज एएफमधून एडोक्सॅबान. चारही चाचण्या प्रचंड होत्या. सर्वांत लहान रॉकेट, आणि तिच्यातही १४,२६४ रुग्ण होते. प्रत्येक चाचणीत नव्या औषधाची गाठ वॉरफरिनशी घातलेली होती. नव्या औषधांची आपसात लढत मात्र यांपैकी एकाही चाचणीत झाली नाही. मान्यता मिळवायला प्रस्थापित औषधाशी तुलना पुरेशी असताना, प्रतिस्पर्ध्याच्या नव्या गोळीसमोर स्वतःची गोळी उभी करून हरण्याचा धोका कंपन्या सहसा पत्करत नाहीत.

डॉक्टरांसमोरचा प्रश्न नेमका तिथेच असतो: वॉरफरिन द्यायचे नाही असे ठरले, तर या चारांतले कोणते द्यायचे? हे उत्तर आडमार्गाने काढण्याच्या पद्धतीला नेटवर्क मेटा-अॅनालिसिस म्हणतात. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करणे हे साध्या मेटा-अॅनालिसिसचे काम. नेटवर्कमध्ये त्यापुढे जाऊन, औषधे हे बिंदू आणि त्यांच्यातील चाचण्या या रेषा धरून जाळे मांडले जाते आणि ज्या दोन बिंदूंमध्ये रेषाच नाही त्यांचीही तुलना केली जाते.

ती कशी करायची नाही हे आधी पाहिलेले बरे. रि-लायमध्ये डाबिगाट्रानच्या १५० मिलिग्रॅम मात्रेवर वर्षाला १.११ टक्के रुग्णांना पक्षाघात किंवा शरीरात अन्यत्र गुठळी झाली. रॉकेटमध्ये रिव्हारोक्सॅबानवर हे प्रमाण २.१ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की डाबिगाट्रान जवळजवळ दुप्पट चांगले वाटते. पण वॉरफरिन घेणाऱ्यांचे आकडे पाहिले की चित्र बदलते: रि-लायमध्ये १.६९ टक्के आणि रॉकेटमध्ये २.४ टक्के. म्हणजे रॉकेटमधले रुग्ण मुळातच अधिक जोखमीचे होते आणि फरकाचा मोठा भाग औषधाचा नसून रुग्णांचा होता.

म्हणून तुलना चाचणीच्या आतच करायची आणि मग त्या तुलनांची तुलना करायची. ही पद्धत ब्युखर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली. वॉरफरिनच्या तुलनेत डाबिगाट्रानची सापेक्ष जोखीम ०.६६, म्हणजे ३४ टक्के घट. रिव्हारोक्सॅबानची ०.८८, म्हणजे १२ टक्के घट. पहिल्याला दुसऱ्याने भागले की वॉरफरिन गळून पडते आणि ०.७५ उरते: रिव्हारोक्सॅबानपेक्षा डाबिगाट्रानवर पक्षाघात २५ टक्के कमी. मात्र अनिश्चितता गळून पडत नाही; दोन्ही चाचण्यांची अनिश्चितता एकत्र येते. डाबिगाट्रानच्या आकड्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.५३ ते ०.८२ होता आणि रिव्हारोक्सॅबानचा ०.७४ ते १.०३. या दोन्हींवरून अप्रत्यक्ष उत्तराचा पट्टा साधारण ०.५७ ते ०.९९ येतो. १ म्हणजे काहीच फरक नाही. पट्टा त्याच्या जेमतेम अलीकडे थांबतो, म्हणून निष्कर्ष ‘सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय’ ठरतो.

पण रॉकेटने दोन विश्लेषणे दिली होती. वरचे ०.८८ हे चाचणीत घेतलेल्या सर्व रुग्णांचे. ठरल्याप्रमाणे औषध घेत असलेल्या रुग्णांपुरता विचार केला तर तोच आकडा ०.७९ होता. तो धरून भागाकार केला की ०.८४ येते आणि पट्टा ०.६३ पासून १.११ पर्यंत जातो. औषधे तीच, चाचण्या त्याच, पण डाबिगाट्रानची आघाडी आता सिद्ध होत नाही. रि-लायचा आकडा सर्व रुग्णांचा असल्यामुळे त्याच्या जोडीला ०.८८ घेणेच रास्त आहे. तरीही एवढ्या एका निवडीवर हेलकावे खाणारे उत्तर जपूनच वापरावे लागते.

हा भागाकार ज्या गृहीतकावर उभा आहे त्याला ट्रान्झिटिव्हिटी म्हणतात. त्याचा अर्थ असा: रॉकेटमधल्या रुग्णांना डाबिगाट्रान दिले असते, तर वॉरफरिनच्या तुलनेत तिथेही जोखीम साधारण ३४ टक्क्यांनीच घटली असती. चाचण्यांमधले रुग्ण, मात्रा, वॉरफरिनचा वापर, मोजलेली परिणती यांत फरक असतील. पण त्या फरकांमुळे औषधाचा सापेक्ष परिणाम बदलायला नको. शेवटच्या अटीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. रुग्ण वेगळे होते एवढ्यावरून गृहीतक मोडत नाही. ज्या बाबतीत ते वेगळे होते ती बाब औषधाचा परिणाम बदलत असेल, तरच ते मोडते.

चाचण्यांमधले फरक मोठे होते. या विकारात पक्षाघाताची जोखीम चॅड्स-टू नावाच्या गुणांकाने मोजत. हृदयाचा निकामीपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि ७५ किंवा त्याहून अधिक वय यांना प्रत्येकी एक गुण आणि आधी झालेल्या झटक्याला दोन, असे एकूण सहा गुण. रि-लाय आणि अॅरिस्टॉटलमध्ये सरासरी २.१ होती, रॉकेटमध्ये ३.५. पूर्वी झटका येऊन गेलेले रुग्ण पहिल्या दोन्हींत सुमारे पाचवा हिस्सा होते, तर रॉकेटमध्ये निम्म्याहून अधिक. याचे कारण प्रवेशाच्या अटींत आहे. रॉकेटमध्ये किमान दोन गुण लागत, त्यामुळे रि-लायमधल्या जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांना रॉकेटमध्ये प्रवेशच मिळाला नसता. ट्रान्झिटिव्हिटी तपासण्याची ही चांगली कसोटी आहे: एका चाचणीतला रुग्ण दुसरीतल्या औषधाच्या वाट्यालाही येऊ शकला असता का? इथे एक तृतीयांश रुग्णांसाठी उत्तर नाही असेच येते.

दुसरा फरक खुद्द वॉरफरिनमध्ये आहे. हे औषध आयएनआर या रक्तचाचणीनुसार मात्रा बदलत द्यावे लागते आणि आकडा २ ते ३ च्या दरम्यान राहायला हवा. रुग्ण किती टक्के काळ या मर्यादेत होते ते चाचण्यांनी नोंदवले: रि-लायमध्ये सरासरी ६४ टक्के, अॅरिस्टॉटलमध्ये ६२, रॉकेटमध्ये ५५. जाळ्याच्या मध्यावर ‘वॉरफरिन’ असा एकच बिंदू काढला, तरी रॉकेटमधले वॉरफरिन अधिक ढिसाळपणे सांभाळलेले होते. शिवाय रि-लायमध्ये वॉरफरिन कोणाला मिळते आहे हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत होते. रॉकेट आणि अॅरिस्टॉटलमध्ये ते झाकलेले होते.

आता प्रश्न असा की यांतले कोणते फरक सापेक्ष परिणाम बदलतात. त्याची चुणूक प्रत्येक चाचणीच्या उपगटांत मिळते. रि-लायमध्ये ज्या केंद्रांवर वॉरफरिन नीट सांभाळले गेले नव्हते, तिथे १५० मिलिग्रॅम डाबिगाट्रानवर मोठे रक्तस्राव वॉरफरिनपेक्षा कमी होते. जिथे ते चांगले सांभाळले गेले, तिथे हा फायदा उरला नाही. पक्षाघाताच्या बाबतीत असा स्पष्ट बदल दिसला नाही. त्याच चाचणीत पंचाहत्तरीच्या आतल्यांना रक्तस्रावात मिळालेला फायदा त्यापुढच्या वयात दिसला नाही. म्हणजे डाबिगाट्रानच्या रक्तस्रावाचा आकडा वय आणि वॉरफरिनची देखरेख या दोन्हींवर हलतो. तो उचलून दुसऱ्या चाचणीतल्या वृद्ध, आजारी रुग्णांना लावणे धोक्याचे आहे.

याच जाळ्यातली दुसरी तुलना मात्र बऱ्यापैकी टिकते. मोठ्या रक्तस्रावाच्या बाबतीत वॉरफरिनच्या तुलनेत अॅपिक्सॅबानचा आकडा ०.६९ होता आणि रिव्हारोक्सॅबानचा १.०४. भागाकार ०.६६ येतो, पट्टा सुमारे ०.५४ ते ०.८१. हा पट्टा १ पासून चांगलाच दूर आहे. यावर पहिली शंका अशी की रॉकेटमधले वॉरफरिन ढिसाळ होते. पण ढिसाळ प्रतिस्पर्धी समोर असता रिव्हारोक्सॅबान वाजवीपेक्षा चांगले दिसायला हवे होते. तो दोष काढला तर अॅपिक्सॅबानची आघाडी वाढेल, घटणार नाही. दुसरी शंका अशी की रॉकेटचे रुग्ण अधिक आजारी होते. पण अॅरिस्टॉटलमध्ये पंचाहत्तरीपुढच्या आणि जास्त गुणांच्या रुग्णांमध्येही अॅपिक्सॅबानचा रक्तस्रावातला फायदा कायम राहिला. ज्या फरकांची भीती होती, त्यांपैकी एकाची दिशा उलटी आहे आणि दुसऱ्याचा पुरावा सापडत नाही. ट्रान्झिटिव्हिटी पटण्याजोगी आहे की नाही हे असे प्रत्येक तुलनेसाठी आणि प्रत्येक परिणतीसाठी वेगळे ठरवावे लागते. अख्ख्या जाळ्याला एकच प्रमाणपत्र देता येत नाही.

पटत नसेल तर एक उपाय म्हणजे सर्व चाचण्यांतले सारख्या जोखमीचे रुग्णच, उदाहरणार्थ चॅड्स-टू ३ किंवा अधिक असलेले, तुलनेसाठी घेणे. त्याची किंमत उघड आहे: रुग्ण कमी होतात आणि पट्टा रुंदावतो.

हे गृहीतक आकडेमोडीने थेट तपासता येत नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. येते, पण फक्त जाळ्यात बंद वेटोळे असेल तेव्हा. क-ख, ख-ग आणि क-ग अशा तिन्ही चाचण्या झालेल्या असतील, तर क-गचे थेट उत्तर आणि खमार्गे काढलेले उत्तर ताडून पाहता येते. साँग आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अशी ११२ जाळी तपासली. त्यांपैकी १६ मध्ये दोन उत्तरांत लक्षणीय विसंगती निघाली. पण या चार चाचण्यांचे जाळे ताऱ्यासारखे आहे: मध्ये वॉरफरिन आणि चार सुट्या टोकांवर चार औषधे. वेटोळेच नसल्याने विसंगती दिसण्याची सोयच नाही. अशा जाळ्याच्या अहवालात ‘विसंगती आढळली नाही’ असे वाक्य असेल तर त्यातून काहीच समजत नाही. औषधांना पहिला, दुसरा असे क्रमांक देणारे तक्तेही याच कारणाने फसवे ठरतात. क्रमांकाच्या मागचा पट्टा आणि गृहीतक त्यात दिसत नाही.

गृहीतक खरोखर मोडते तेव्हा काय होते, याचे उदाहरण भारताला जवळचे आहे. चारही चाचण्यांतून मिट्रल झडप लक्षणीय अरुंद झालेले रुग्ण वगळले होते. भारतात संधिवाती तापानंतर झडप अशी बिघडलेल्यांची संख्या मोठी आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस या चाचणीत, ज्यात भारतातले रुग्णही होते, संधिवाती हृदयविकारासह एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना रिव्हारोक्सॅबान किंवा वॉरफरिनच्या गटातले औषध दिले गेले. रुग्णांचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास होते आणि बहुसंख्य स्त्रिया होत्या. जुन्या औषधांवर मृत्यू कमी झाले. रिव्हारोक्सॅबान मागे पडले. झडपेचा आजार सापेक्ष परिणामाची दिशाच उलटवू शकतो, हे इथे स्पष्ट झाले. इन्व्हिक्टस आणि रॉकेट एकाच रेषेत मिसळून त्यावरून अॅपिक्सॅबानशी तुलना काढली, तर भागाकार बिनचूक येईल, पण ते उत्तर कोणत्याच रुग्णाला लागू पडणार नाही. म्हणून अशा झडपेच्या रुग्णांसाठी चार चाचण्यांचे ते जाळे वापरता येत नाही. त्यांच्यापुरता आयएनआर तपासत दिलेल्या जुन्या गोळीचाच आधार आहे.