एक टेराबाइटची डिस्क आणि ९३१ जीबीचा हिशेब

एक टेराबाइटची नवी हार्ड डिस्क विंडोज संगणकाला जोडली की तिची क्षमता ९३१ जीबी दिसते. डिस्क रिकामी असते, सदोष नसते, आणि उत्पादकाने तिच्यातून एक बाइटही चोरलेला नसतो. उलट वेष्टनावर लिहिल्यापेक्षा थोडी जास्तच जागा तिच्यात असते. फरक पडतो तो भागाकारात.

टेरा हा उपसर्ग मीटर-किलोग्रॅमच्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीतला. तिथे किलो म्हणजे हजार, मेगा म्हणजे दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी आणि टेरा म्हणजे एक लाख कोटी. डिस्क बनवणारे हाच अर्थ धरतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर किती सेक्टर असावेत, याचे सूत्र आयडीमा या डिस्क-उद्योगाच्या संघटनेने ठरवले आहे. त्यानुसार प्रत्येकी ५१२ बाइटचे १,९५,३५,२५,१६८ सेक्टर मिळतात. गुणाकार केला तर एक लाख कोटींवर आणखी सुमारे २० कोटी ४८ लाख बाइट भरतात.

विंडोज मात्र याच बाइटसंख्येला १०२४ ने तीनदा भागते. १०२४ म्हणजे दोनाचा दहावा घात. तीनदा भागणे म्हणजे एकदम १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ ने भागणे. उत्तर येते ९३१.५१. पडद्यावर तीनच अंक ठेवायचे म्हणून पुढचे गाळले जातात आणि ‘931 GB’ उरते. आकडा बरोबर आहे. चुकले आहे ते त्यापुढचे एकक.

हा १०२४ आला मेमरीमुळे. रॅमच्या चिपमधली प्रत्येक जागा द्विमान पत्त्याने ओळखली जाते. पत्त्याच्या दहा तारा असल्या तर १०२४ जागा, अकरा असल्या तर २०४८. मेमरी अशा दुपटीनेच वाढत गेली, आणि १०२४ हा हजाराच्या इतका जवळ होता की त्यालाच ‘किलो’ म्हणायची सवय पडली. डिस्कच्या रचनेत अशी दुपटीची सक्ती नाही. तबकडीवर मावतील तितके ट्रॅक, ट्रॅकवर मावतील तितके सेक्टर. सेक्टर तेवढा ५१२ बाइटचा, पण सेक्टरांची संख्या कोणतीही असू शकते. त्यामुळे डिस्कची क्षमता हजारांच्या पटीत सांगण्यात गैर काही नाही.

दोन्ही पद्धतींची सर्वांत गमतीदार खिचडी फ्लॉपीवर झाली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट असत, म्हणजे १४४० गुणिले १०२४. तिथला एमबी दहा लाखांचा नव्हता आणि १०२४ च्या वर्गाचाही नव्हता. तो हजार गुणिले १०२४ असा होता.

किलोच्या पायरीवर तफावत जेमतेम २.४ टक्के होती, म्हणून कोणी फारसे मनावर घेतले नाही. पण प्रत्येक पायरीवर ती चढत जाते: मेगाला सुमारे ४.९ टक्के, गिगाला ७.४, टेराला जवळजवळ दहा. म्हणूनच दोन टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसते. एकक गिगावरून टेरावर गेले की तूट अचानक वाढल्यासारखी वाटते.

गोंधळ निस्तरण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान एककांना वेगळी नावे दिली: किबी, मेबी, गिबी, टेबी. या हिशेबाने ती डिस्क ९३१ गिबिबाइटची, पडद्यावरच्या खुणेत GiB. लिनक्सच्या अनेक साधनांनी ही नावे स्वीकारली. ॲपलने २००९ च्या स्नो लेपर्डपासून डिस्क थेट हजाराच्या हिशेबात दाखवायला सुरुवात केली. विंडोजने मात्र भागाकार द्विमान आणि खूण दशमान अशी जोडी कायम ठेवली. अमेरिकेत याचा रोख उत्पादकांवर वळला. वेस्टर्न डिजिटलने २००६ मध्ये या तफावतीवरून झालेला एक दावा तडजोडीने मिटवला आणि ग्राहकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर फुकट दिले. खरे तर एककांच्या दृष्टीने उत्पादकांचे लेबलच निर्दोष होते.

तूट याच कारणाची आहे का, हे तपासणे सोपे आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज उघडल्या की जीबीच्या शेजारी पूर्ण बाइटसंख्याही दिसते. लिनक्सवर एकच माहिती दोन हिशेबांत मागता येते:

```
df -h
df -H
```

पहिली आज्ञा १०२४ ने भागते, दुसरी हजाराने. बाइट एक लाख कोटींच्या आसपास भरले तर शंकेला जागा नाही. ते बरेच कमी भरले तर डिस्कवर दुसरे विभाग आहेत का, हे पाहावे. तयार संगणकात रिकव्हरीसाठी असा विभाग बहुधा असतोच. लिनक्सची ईएक्सटी४ फाइल-प्रणाली तर मुळात पाच टक्के जागा प्रशासक खात्यासाठी राखते. एक टेराबाइटवर ती पन्नास जीबीच्या घरात जाते. ही जागा एकूण क्षमतेत मोजली जाते, उपलब्ध जागेत मात्र दिसत नाही. हवी असल्यास ती `tune2fs -m` या आज्ञेने कमी करता येते. ९३१ चे मात्र काही करता येत नाही, आणि करण्याजोगे काही नाहीही.