तळवा सांगतो ते

५८ वर्षांच्या एक काकू वाढलेल्या साखरेमुळे दाखल झाल्या आहेत, असं समजू. टाइप टू मधुमेह जुना. औषधं डॉक्टर बदलतील. परिचारिका आधी चपला काढायला सांगते. डाव्या टाचेला भेग, अंगठ्याखाली घट्टा. मग काकूंना डोळे मिटायला लावून ती १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा बारीक तंतू, वाकेपर्यंत तळव्याला टेकवते. घट्टा टाळून, तीन ठिकाणी काकूंना काहीच कळत नाही.

रोगाचं निदान डॉक्टरांचं. परिचारिका लिहिते: ‘पायाची संवेदना कमी झाल्याने जखमेचा धोका.’ पुढची सगळी योजना या ओळीवर उभी राहते. ‘पायांची काळजी घेतील’ हे उद्दिष्ट मोजताच येत नाही. त्यापेक्षा ‘तीन दिवसांत काकू आरशात तळवा स्वतः तपासून दाखवतील’ हे बरं.

मग शिकवणं: पाय धुण्याआधी पाणी कोपराने पाहायचं, बेचक्या कोरड्या करायच्या, शेकायची पिशवी बंद, घरातही अनवाणी नाही.

तिसऱ्या दिवशी ‘समजलं ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’च येतं. म्हणून करून दाखवायला सांगायचं. काकूंचा गुडघा वळत नाही, आरशातलं धूसर दिसतं. नोंद होते: ‘उद्दिष्ट अंशतः साध्य.’ आता तळवा पाहायला सुनेला शिकवायचं आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला डॉक्टरांना सुचवायचं. एचबीएवनसीचा फरक मात्र तीन महिन्यांनीच नीट कळेल.