आधी समीकरण, मग आकडेमोड

‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ विद्यार्थ्यांसाठी S आणि प्राध्यापकांसाठी P घेऊन समीकरण मांडा. अमेरिकेतील संशोधक जॉन क्लेमेंट यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातील 150 विद्यार्थ्यांना हेच विचारले. 1982 साली छापलेल्या निष्कर्षांनुसार 37 टक्के चुकले. त्यांतील बहुतेकांनी लिहिले: 6S = P.

यात आकडेमोड नव्हतीच. चूक मांडणीत होती. काहींनी वाक्यातले शब्द ओळीने उतरवले. काहींना अर्थ नीट कळला होता, पण S म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या असे न धरता त्यांनी ते ‘विद्यार्थी’ या शब्दाचे आद्याक्षर मानले. मराठीत ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ म्हटले की हाच सापळा तयार होतो.

म्हणून शिक्षकाने आधी ‘S = विद्यार्थ्यांची संख्या’ असे पूर्ण लिहून घ्यावे. जास्त कोण, हे विचारावे. मग प्राध्यापक 10 मानून वाक्यावरूनच विद्यार्थी काढायला सांगावे: 60. आता 6S = P मध्ये 360 = 10 येते, तर S = 6P मध्ये 60 = 60. मात्र 60 ही संख्या वाक्यातूनच यायला हवी. मुलाने ती स्वतःच्या चुकीच्या समीकरणातून काढली, तर पडताळा जुळतो आणि चूक तशीच राहते.