चाबकाची मूठ आणि टोक

फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली ‘फॅक्टरी’ नावाच्या मासिकात एक छोटा लेख लिहिला. एकाच वेळी किती सुटे भाग बनवावेत, हा त्याचा प्रश्न होता. पुढे हेच सूत्र बराच काळ विल्सन नावाच्या सल्लागाराच्या नावावर खपले आणि हॅरिसचा मूळ लेख कुणाच्या हाती लागेना. तो पुन्हा सापडला तो थेट १९८८मध्ये. आज व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’, म्हणजे ईओक्यू, या नावाने ते भेटते. वर्गात हे सूत्र शिकवताना मला नेहमी वाटत आले आहे की, त्याच्या उत्तरापेक्षा त्याचा स्वभाव जास्त मोलाचा आहे, आणि पुस्तके नेमकी तिथेच घाई करतात.

एक दुकान घेऊ. एका मालाची विक्री आठवड्याला १०० नग, वर्षाला ५,२००. प्रत्येक ऑर्डरमागे टेम्पोभाडे, हमाली, कागदपत्रे मिळून २०० रुपये जातात. एक नग वर्षभर ठेवायचा तर अडकलेल्या पैशाचे व्याज आणि जागेचे भाडे धरून १३ रुपये पडतात. मोठी ऑर्डर दिली तर टेम्पोच्या खेपा वाचतात पण माल पडून राहतो. लहान दिली तर उलटे. वर्षाची मागणी आणि ऑर्डरखर्च यांच्या गुणाकाराची दुप्पट करा, तिला साठवणखर्चाने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते ४००. म्हणजे चार आठवड्यांतून एकदा ऑर्डर. वर्षाला ऑर्डरींवर २,६०० आणि साठवणुकीवर २,६०० असे एकूण ५,२०० रुपये.

आता ४००ऐवजी ३०० मागवले तर? खर्च होतो सुमारे ५,४१७, म्हणजे जेमतेम चार टक्के जास्त. अगदी निम्मे, २०० मागवले तरी ६,५००, म्हणजे पंचवीस टक्के जास्त. खर्चाची रेषा तळाशी पसरट परातीसारखी आहे. नेमक्या तळापासून थोडे सरकले तर फारसे बिघडत नाही. ही सवलत कशाला वापरायची, हे कळायला मात्र दुकानाबाहेर पडून माल देणाऱ्याच्या गादीवर बसावे लागते.

तिथून काय दिसते? गिऱ्हाईक दर आठवड्याला शंभर नग नेते आहे, पण वितरकाच्या वहीत ४००, शून्य, शून्य, शून्य, पुन्हा ४०० अशी नोंद पडते. शांत मागणीला दुकानदाराच्या काटकसरीनेच उंचवटे आणले. त्यात सगळे दुकानदार महिनाअखेरीलाच ऑर्डर देणारे असले तर हे उंचवटे एकमेकांवर रचले जातात. दुकानदाराला नुसते ‘लहान ऑर्डर दे’ म्हणण्यात अर्थ नाही. तो आपल्यापुरता बरोबरच आहे. ऑर्डरचा खर्चच उतरवावा लागतो. एकाच टेम्पोत अनेक जिन्नस भरून तो २००चा ५० केला, तर तेच सूत्र ४००ऐवजी २०० सांगते आणि दुकानाचा वर्षाचा खर्चही ५,२००वरून २,६००वर येतो.

पण ऑर्डरी दर आठवड्याला जाऊ लागल्या तरी चाबूक हलतोच. हा शब्द प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीतून आला. तान्ह्या मुलांचे डायपर लागतात ते एकसारख्या वेगाने. दुकानांतल्या विक्रीतही चढउतार बेताचेच होते. पण वितरकांच्या ऑर्डरी बऱ्याच वरखाली होत होत्या, आणि कंपनी स्वतः कच्चा माल मागवी त्या ऑर्डरी त्याहून जास्त. मूठ जराशी हलते आणि टोक सपकन उडते, म्हणून ‘बुलव्हिप इफेक्ट’. हाऊ ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७मध्ये त्याची कारणे मांडली. सगळेच घटक शहाणपणाने वागत असले तरी हे घडते, हे त्यांच्या मांडणीचे मर्म होते.

तेच दुकान पुढे नेऊ. माल यायला दोन आठवडे लागतात आणि ऑर्डर दर आठवड्याला जाते, म्हणून दुकानदार वाटेतला माल धरून तीन आठवड्यांचा साठा ठेवतो. येत्या आठवड्याचा अंदाज म्हणजे गेल्या चार आठवड्यांची सरासरी. एका आठवड्यात विक्री १२० झाली. सरासरी १०५ झाली आणि साठ्याचे लक्ष्य ३००वरून ३१५वर गेले. दुकानदार विकलेले १२० आणि वरचे १५, असे १३५ मागवतो. वितरकाला १२० दिसतच नाहीत, त्याला दिसतात १३५. तोही हाच नियम पाळतो आणि १६१ मागवतो. कारखाना त्यावरून कच्चा माल मागवतो २०७ नगांचा. गिऱ्हाइकाच्या २० जादा नगांचे वरच्या टोकाला १०७ झाले.

खरी गंमत पाचव्या आठवड्यात आहे. मधल्या काळात विक्री पुन्हा शंभरावर स्थिरावली आहे. आता १२०चा तो आठवडा सरासरीतून गळतो, लक्ष्य खाली येते आणि दुकानदार ८५ मागवतो. वितरकाची ऑर्डर ४७–४८वर घसरते. कारखान्याचे गणित तर उणे येते, म्हणजे त्या आठवड्यात कच्च्या मालाची ऑर्डर शून्य. दुकानात शंभर गिऱ्हाइके नेहमीसारखी येऊन गेली आणि तिकडे पुरवठादार मंदी आली म्हणून कामगार कमी करायचा विचार करतो आहे. यात कुणी साठेबाजी केली नाही, कुणी खोटे बोलले नाही.

मग विक्रीचा खरा आकडा सगळ्यांना दाखवला तर? प्रत्येकाने अंदाज दुकानातल्या विक्रीवरच बांधला तर जादा नग ३५, ६१, १०७ असे न वाढता ३५, ५०, ६५ असे वाढतात. गुणाकाराची बेरीज होते. चाबूक मंदावतो पण थांबत नाही, कारण माल यायला लागणारे दोन आठवडे तसेच राहतात. माहिती खुली केली की प्रश्न मिटला, असे सांगणारे संगणकविक्रेते हा दुसरा अर्धा भाग गाळतात.

साठ्याच्या नियमांची तुलना इथे अवघड होते. चारऐवजी बारा आठवड्यांची सरासरी घेतली तर त्याच धक्क्याचे जादा नग २५, ३१, ३९ एवढेच राहतात. चाबकाच्या मापाने हा नियम सरस. पण समजा, विक्री खरोखरच कायमची १२० झाली. चार आठवड्यांनी चाराच्या सरासरीवाला १२०वर पोचलेला असतो आणि बाराच्या सरासरीवाला अजून १०७च्या खालीच असतो. त्याचे लक्ष्य ३२०, गरज ३६०. हे ४० नग कमी पडतात आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. तेव्हा ‘कोणता नियम चांगला’ असे विचारण्याआधी मी तीन आकडे शेजारी मांडायला सांगतो: दुकानाचा खर्च, रिकाम्या हाताने परतलेली गिऱ्हाइके आणि वर पाठवलेल्या ऑर्डरींचा चढउतार विक्रीच्या चढउताराच्या किती पट आहे तो. नुसत्या पहिल्या आकड्यावर केलेली तुलना दुकानदाराची बचत मोजते आणि तिचे बिल वितरकाकडे गेलेले लपवते.

हा तिसरा आकडाही जपून घ्यावा. आपल्या दुकानाच्या ४००, शून्य, शून्य, शून्य या नोंदी चार-चार आठवड्यांच्या बेरजेने पाहिल्या तर प्रत्येक ओळीत ४००च दिसतात आणि चाबूक नाहीसा होतो. कशॉन, रँडल आणि श्मिट यांनी २००७मध्ये अमेरिकेतल्या उद्योगांचे मासिक आकडे तपासले, तेव्हा घाऊक व्यापारात चाबूक आढळला पण किरकोळ विक्रीत साधारणपणे नाही. हंगामी मागणी असली तर पुष्कळ उद्योग उलट ती सपाट करून वर पाठवतात, कारण कारखाना वर्षभर एका वेगाने चालवणे स्वस्त पडते. पण कारखान्याच्या दारातला टेम्पो महिन्याच्या बेरजेने येत नाही, एखाद्या मंगळवारी येतो. म्हणून मोजणी ज्या अंतराने ऑर्डर जाते त्याच अंतराने करावी आणि दिवाळीसारख्या ठाऊक असलेल्या चढाचा हिशेब वेगळा ठेवावा.