मेलमध्ये प्रश्न चार, उत्तर एकाचंच

विधिमंडळाच्या अधिवेशनातल्या तारांकित प्रश्नांची यादी कधी चाळून पाहिली आहे? प्रश्न एकाच विषयाचा असला, तरी तो सलग परिच्छेदात कधीच विचारलेला नसतो. अमुक गोष्ट खरी आहे काय, हा (१). असल्यास चौकशी केली आहे काय, हा (२). त्यात काय आढळून आलं, हा (३). आणि शेवटी ठरलेला (४): नसल्यास, विलंबाची कारणे काय? समोर मंत्र्यांचं उत्तरही त्याच आकड्यांनी छापलेलं असतं. उत्तर गोलमोल असलं तरी कुठल्या भागाला बगल दिली आहे, ते आकड्यावर बोट ठेवून दाखवता येतं. सरकारी कचेऱ्यांत ‘मुद्देनिहाय उत्तर’ मागतात ते याचसाठी. आपण मात्र रोजच्या मेलमध्ये चार प्रश्न गप्पांच्या ओघात लिहितो आणि उत्तर एकाचंच आलं की समोरच्याला बेफिकीर ठरवून मोकळे होतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला आईचा फ्लॅट, मुलगा परदेशात. आई गेल्यावर तो सोसायटीच्या सेक्रेटरींना मेल करतो. लहानपणापासूनची ओळख, म्हणून ‘काका’:

“नमस्कार काका, कसे आहात? आईला जाऊन चार महिने झाले, कागदपत्रांचं सगळं मागे पडलं आहे. शेअर सर्टिफिकेटचंही एकदा बघायला हवं, नॉमिनेशनमध्ये माझं नाव आहे. मेंटेनन्सचे नक्की किती बाकी आहेत ते कळलं तर बरं. बाथरूमच्या भिंतीला ओल आली आहे असं शेजारच्या वहिनी म्हणाल्या, बहुतेक वरच्या फ्लॅटमधून गळत असावं. पुढे फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार आहे, त्याबद्दल मार्गदर्शन करावे. काकूंना नमस्कार.”

काकांचं उत्तर येतं: “थकबाकी १८,४५० आहे. लवकर भरून टाक. काळजी घे.”

काका आळशी नाहीत. मेलमधला एकच प्रश्न असा होता, ज्याचं उत्तर कोणाला काही न विचारता, जागेवरून न उठता देता येत होतं. त्याचं त्यांनी दिलं. बाकीच्या तिन्हींकडे त्यांच्या नजरेने पाहा. ‘शेअर सर्टिफिकेटचंही बघायला हवं’ हा प्रश्नच नाही, ते मुलाचं स्वतःशी बोलणं आहे. ओलीबद्दल त्याने बातमी दिली, विचारलं काहीच नाही. आणि ‘मार्गदर्शन करावे’ याचं उत्तर द्यायचं, तर उपविधींचं पुस्तकच पाठवावं लागेल. आपल्याकडे थेट विचारणं थोडं उद्धट वाटतं, म्हणून आपण प्रश्नाला विनंतीचं किंवा सहज आठवल्याचं रूप देतो. समोर बसून बोलताना ते शोभतं, कारण समोरचा लगेच ‘म्हणजे नक्की काय हवंय?’ असं विचारू शकतो. मेलमध्ये तो विचारत नाही, सोडून देतो.

दुसरं कारण फोनचं आहे. काका मेल वाचतात संध्याकाळी, मोबाइलवर. जीमेलच्या ॲपमध्ये उत्तर लिहायला घेतलं की मूळ मेल तीन ठिपक्यांमागे दडतो आणि समोर कोरी जागा येते. ते ठिपके दाबून मूळ मजकुरात मध्ये मध्ये उत्तरं लिहिता येतात, पण बहुतेकांना ते ठाऊक नसतं, आणि छोट्या पडद्यावर ते करणं जिकिरीचं असतं. थोडक्यात, उत्तर देणारा माणूस तुमचे प्रश्न समोर नसताना, आठवणीतून लिहीत असतो. गप्पांमध्ये पसरलेले चार प्रश्न कोणाच्या लक्षात राहतील? ‘१, २, ३’ असे आकडे मात्र राहतात. निदान तीन गोष्टी होत्या एवढं तरी राहतं.

मेल पुन्हा लिहायला बसण्याआधी मुलाने एक गोष्ट तपासायला हवी: यातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस एकच आहे का? सभासदत्वाचं काका सांगू शकतात. थकबाकी त्यांच्याकडे नसली तर खजिनदारांकडून दोन मिनिटांत मिळते. ओलीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. ते वरच्या फ्लॅटच्या मालकाकडे जाणार, प्लंबरकडे जाणार, कदाचित कमिटीपुढेही येणार. म्हणजे तो मेल पुढे पाठवला जाणार. त्यात आईच्या थकबाकीचा आकडा असेल तर काका तो पुढे पाठवायला बिचकतील, आणि नवा मेल लिहायचा कंटाळा करतील. म्हणून जे दुसऱ्याकडे जाणार आहे, त्याला स्वतंत्र मेल, स्वतंत्र विषय आणि भिंतीचे दोन फोटो. महाराष्ट्रात २०१२ पासून माहिती अधिकाराच्या अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द अशी मर्यादा घातली गेली. कार्यकर्त्यांचा तिच्यावरचा राग मला समजतो. पण स्वतःच्या मेलवर हीच मर्यादा आपण आपणहून घालून घेतली, तर नुकसान काहीच नाही.

आता पहिला मेल असा होतो:

विषय: फ्लॅट बी-७, तीन प्रश्न, १५ तारखेच्या कमिटी मीटिंगआधी

नमस्कार काका,
आईच्या फ्लॅटबद्दल तीन प्रश्न आहेत. नुसते आकडे घालून एकेका ओळीत उत्तर दिलंत तरी पुरेल. ओलीचं वेगळ्या मेलमध्ये लिहितो.

१. शेअर सर्टिफिकेट: नॉमिनेशनमध्ये फक्त माझं नाव आहे. अर्ज आणि मृत्यूचा दाखला यांखेरीज आणखी कोणती कागदपत्रं लागतील?

२. थकबाकी: ३१ मार्चपर्यंतची एकूण रक्कम किती?

३. भाडेकरू: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्के धरलं आहे. बरोबर आहे का? नसल्यास, महिन्याला किती पडेल?

१ चं उत्तर मला आधी हवं आहे, कारण कागद इथून पाठवायला वेळ लागतो. २ साठी खजिनदारांना विचारावं लागणार असेल तर तेवढं मागाहून कळवलंत तरी चालेल.
काकूंना नमस्कार.

यात काकांच्या तब्येतीची चौकशी नाही म्हणून कोणाला रुक्ष वाटेल. हवी तर शेवटी घाला, प्रश्नांच्या मध्ये नको. ‘तीन प्रश्न’ हा आकडा आधीच सांगितल्यामुळे दोनच उत्तरं लिहिली, तर काकांना स्वतःलाच चुकल्यासारखं वाटेल. प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर एकदोन शब्दांचं नाव आहे, त्यामुळे मेल परत उघडल्यावर नजर थेट तिथे जाते. एका आकड्याखाली एकाच गोष्टीची विचारणा आहे. ‘कागदपत्रं कोणती आणि किती दिवस लागतील’ असं जोडून विचारलं, की कागदपत्रांची यादी मिळते आणि दिवसांचं राहून जातं. ‘आणि’च्या पलीकडचा भाग नेहमी गळतो, मंत्र्यांच्या उत्तरातही.

सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेला आहे तो तिसरा प्रश्न. ‘चार्जेस किती?’ असं मोघम विचारलं असतं, तर काकांना शोधाशोध करावी लागली असती. मुलाने स्वतःच उत्तर मांडलं आणि होकार मागितला. सदनिका भाड्याने दिल्यास गृहनिर्माण सोसायटीला सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त बिनभोगवटा शुल्क घेता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे. मुलाने तो वाचला होता, म्हणून त्याला अंदाज बांधता आला. काकांना आता फक्त ‘३. हो’ एवढं टाइप करायचं आहे. पण नुसतं ‘बरोबर आहे का?’ विचारून थांबला असता तर ‘नाही’ एवढंच उत्तर येण्याची सोय झाली असती. विधिमंडळातल्या प्रश्नांचं नेमकं हेच होतं. (१) ला ‘हे खरे नाही’ म्हटलं की ‘असल्यास’ने सुरू होणारे पुढचे सगळे भाग ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांत निकालात निघतात. म्हणून हो-नाहीचा प्रश्न विचारला, की ‘नसल्यास’चा रस्ताही त्याच ओळीत बांधून ठेवावा.

काही बारीकसारीक गोष्टी. आकडे हाताने टाइप करा. मेलच्या बटणाने आपोआप येणारे क्रमांक मजकूर इकडून तिकडे चिकटवताना कधी बदलतात, कधी उडून जातात. प्रश्न वेगळ्या रंगात लिहू नका. मेल साध्या मजकुरात उघडला तर रंग दिसत नाही. दोन प्रश्नांमध्ये एक रिकामी ओळ मात्र सोडा, ती कुठेही टिकते. पार्श्वभूमी सांगायचीच असेल तर प्रश्नांच्या खाली सांगा. वर सांगितलीत, तर प्रश्न येईपर्यंत वाचणाऱ्याचा अंगठा थकलेला असतो.

पाठवण्याआधी मी एक गोष्ट करून पाहतो: प्रत्येक प्रश्नाखाली समोरच्याचं संभाव्य उत्तर मनात लिहितो. ते एका ओळीत लिहिता आलं, तर प्रश्न ठीक आहे. लिहिताच आलं नाही, तर आपल्याला काय हवंय ते आपल्यालाच ठरवता आलेलं नाही. ‘मार्गदर्शन करावे’ या परीक्षेत हमखास नापास होतं.

या सगळ्याला मर्यादा आहेत. पाचाच्या वर प्रश्न गेले की आकडेवारी कितीही नीट असली तरी मेल प्रश्नपत्रिकेसारखा दिसतो आणि ‘रविवारी निवांत बघू’ म्हणून बाजूला पडतो. अशा वेळी दोन मेल करावेत, नाहीतर भेटावं. ज्या प्रश्नांवर समोरच्याला लेखी काही द्यायचंच नाही, तिथेही हा उपाय चालत नाही. वरच्या मजल्याच्या गळतीचा खर्च कोणी करायचा, यावर काका लेखी मत देणार नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही दिलं नसतं. फरक एवढाच, की आकडे घातलेल्या मेलला उत्तर येताना जर १, २ आणि ४ आले आणि ३ नाही, तर तो विसरला की टाळला, हे बऱ्याचदा ओळखू येतं. बाकीची उत्तरं सविस्तर असतील आणि तोच गाळलेला असेल, तर तिथे काहीतरी अडलंय. फोन करा.

अर्धवट उत्तर आलं तर अख्खा मेल पुन्हा पाठवण्याचा मोह टाळा. त्यात ‘आपण उत्तर दिलेलं नाही’ असा सूर येतो आणि मिळालेली उत्तरंही पुन्हा चर्चेत येतात. “काका, १ आणि ३ कळलं, आभारी आहे. आता फक्त २, ३१ मार्चपर्यंतची थकबाकी” एवढं पुरतं. मूळ क्रमांक तोच ठेवा. उरलेल्या प्रश्नाला नव्याने ‘१’ म्हटलंत, तर महिनाभराने कोणतं उत्तर कशाचं, हे दोघांनाही कळणार नाही.

आणि दुसऱ्या आठवणीलाही उत्तर आलं नाही, तर तिसरा मेल लिहू नका. फोन करा, आणि जे ठरेल ते त्याच क्रमांकांनी त्याच दिवशी मेलवर लिहून पाठवा. ‘फोनवर ठरल्याप्रमाणे’ असं सुरू होणाऱ्या मेलला उत्तर नाही आलं तरी चालतं. पुढे वाद झाला तर दाखवायला तो हाताशी असतो.