लाइट आली, कॅमेरा हरवला

बार्शीला मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानात तीन वाय-फाय कॅमेरे आहेत: एक गल्ल्यावर, एक मागच्या गोदामात आणि एक दारात. तिन्हींचं चित्रण माळ्यावरच्या रेकॉर्डरमध्ये साठतं. रेकॉर्डरला टीव्ही जोडलेला नाही, कारण मामा दिवसभर मोबाइलवरच कॅमेरे बघतात. मागच्या पावसाळ्यात गोदामातून पीव्हीसी पाइपांचा एक गठ्ठा कमी भरला, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच जुनं चित्रण काढायला घेतलं. गोदामाच्या खान्यात अकरा दिवसांपासून काहीच नव्हतं.

"अरे, मोबाइलवर तर गोदाम आत्ताही दिसतंय. मग रेकॉर्डिंग का नाही?" मामांनी फोनवर विचारलं.

रविवारी मी गेलो. आधी रेकॉर्डर टीव्हीला जोडला आणि तीनही खाने उघडले. दार व्यवस्थित होतं. गोदामाच्या चौकटीत काळा पडदा. आणि 'गल्ला' असं नाव असलेल्या चौकटीत गल्ला नव्हताच, तिथे सिमेंटच्या पोत्यांच्या थप्प्या दिसत होत्या. म्हणजे गोदामाचं चित्रण अकरा दिवस होत होतं, पण गल्ल्याच्या नावाखाली. ज्याचं चित्रण खरोखर बंद पडलं होतं तो होता गल्ल्यावरचा कॅमेरा, आणि त्याचा कुणाला संशयही नव्हता. अकरा दिवसांपूर्वी वादळात लाइट गेली होती. तीनही कॅमेरे धडधाकट होते, फक्त दोघांचे पत्ते बदलले होते.

घरातल्या किंवा दुकानातल्या राउटरला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक आकडी पत्ता देतो. तो 192.168.1.4 असा दिसतो. एकाच राउटरवर साधारणपणे पहिले तीन आकडे सगळ्यांचे सारखे असतात आणि शेवटचा वेगळा. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक मुदतीवर दिलेला असतो. बऱ्याच राउटरवर ही मुदत एक दिवसाची असते. अर्धी मुदत संपली की उपकरण स्वतःच "हाच पत्ता पुढे चालू ठेवू का?" असं विचारतं आणि राउटर हो म्हणतो. त्यामुळे लाइट गेली नाही, तर कॅमेऱ्याचा पत्ता महिनोन्‌महिने तोच राहतो आणि तो कायमचाच आहे असा आपला समज होतो.

प्रत्यक्षात ती एसटीत खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा असते. गाडी चालू आहे तोवर कुणी उठवत नाही. डेपोत गाडी रिकामी झाली, की पुन्हा जो आधी चढेल त्याची जागा.

कोणाला कोणता पत्ता दिला याची नोंद अनेक घरगुती राउटर फक्त चालू असेपर्यंतच लक्षात ठेवतात. लाइट गेली की ती नोंद पुसली जाते. लाइट आल्यावर वाय-फाय सुरू होताच मोबाइल लगेच जोडले जातात, कारण ते बॅटरीवर जागेच असतात. कॅमेऱ्याला मात्र स्वतः सुरू व्हायलाच मिनिटभर लागतं. काही उपकरणं आपला जुना पत्ता पुन्हा मागतात, पण तोवर तो दुसऱ्याला गेला असेल तर राउटर नकार देतो. मामांच्या दुकानात नेमकं हेच झालं. आधी गल्ल्याचा कॅमेरा 192.168.1.3 वर होता आणि गोदामाचा 192.168.1.4 वर. लाइट आल्यावर 3 क्रमांक गोदामाच्या कॅमेऱ्याला गेला, 4 दुकानातल्या पोऱ्याच्या मोबाइलला, आणि शेवटी जागा झालेल्या गल्ल्याच्या कॅमेऱ्याच्या वाट्याला 6 आला.

रेकॉर्डरला यातलं काहीच कळत नाही. कॅमेरा बसवताना त्याच्यात पत्ता लिहिलेला असतो, कॅमेऱ्याची ओळख नव्हे. तो 3 क्रमांकाच्या दारावर जाऊन चित्र मागतो आणि मिळेल ते गल्ल्याच्या नावाने साठवतो. तिन्ही कॅमेऱ्यांचा पासवर्ड एकच असल्यामुळे गोदामाच्या कॅमेऱ्याने त्याला निमूट आत घेतलं. 4 क्रमांकावर मोबाइल होता, तिथे चित्र कुठून मिळणार? पासवर्ड वेगवेगळे असते तर रेकॉर्डरने पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश दाखवला असता. असा संदेश आला की लोक पासवर्ड बदलत बसतात, आणि पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड आल्यामुळे काही कॅमेरे थोड्या वेळासाठी स्वतःला कुलूपही लावून घेतात. मूळ भानगड पत्त्याची असते.

मोबाइलवर मात्र सगळं आलबेल दिसतं, कारण मोबाइलचा रस्ता वेगळा आहे. कॅमेरा इंटरनेटवरून त्याच्या कंपनीच्या सर्व्हरशी स्वतःहून जोडलेला असतो आणि मोबाइलवरचं अ‍ॅप त्याला त्याच्या ओळख क्रमांकाने शोधतं. आतला पत्ता 3 असो की 6, अ‍ॅपला फरक पडत नाही. म्हणून मोबाइलवर चित्र दिसतंय यावरून रेकॉर्डिंग चालू आहे असं धरू नये.

आधी एकदा असंच झालं होतं, तेव्हा कॅमेरेवाल्याने येऊन रेकॉर्डरमध्ये नवे पत्ते भरले आणि भेटीचे पैसे घेतले. पुढच्या वेळी लाइट गेली की पुन्हा तेच होणार होतं. खरा उपाय राउटरमध्ये आहे: प्रत्येक कॅमेऱ्याच्या नावाने एक पत्ता राखून ठेवायचा. रुमालाऐवजी रीतसर आरक्षण.

त्यासाठी कॅमेऱ्याची पक्की ओळख लागते. तिला मॅक अ‍ॅड्रेस म्हणतात. ती कारखान्यातच ठरते, बारा अक्षर-अंकांची असते आणि कॅमेऱ्याच्या अंगावरच्या स्टिकरवर छापलेली असते. मी शिडीवर चढून तिन्ही स्टिकरचे फोटो काढले. मग दुकानाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून राउटरचा पत्ता 192.168.1.1 टाकला आणि त्याच्या पासवर्डने आत गेलो. तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी असते. तिच्यातले क्रमांक फोटोंशी ताडून पाहिले. हे ताडणं टाळू नका, कारण ज्या कॅमेऱ्याला वायर आणि वाय-फाय दोन्ही जोडता येतात, त्याचे मॅक अ‍ॅड्रेसही दोन असतात. आपण प्रत्यक्षात ज्या मार्गाने कॅमेरा जोडला आहे, त्याचाच लागतो.

आरक्षणाचं पान LAN किंवा DHCP या सदराखाली सापडतं. त्याचं नाव राउटरगणिक बदलतं: कुठे Address Reservation, कुठे Static Lease. मी मामांच्या राउटरमध्ये चार ओळी भरल्या. मॅक अ‍ॅड्रेस इथे नमुन्याचे आहेत:

```
00:00:5E:00:53:10   192.168.1.50   recorder
00:00:5E:00:53:11   192.168.1.51   galla
00:00:5E:00:53:12   192.168.1.52   godown
00:00:5E:00:53:13   192.168.1.53   daar
```

पन्नाशीतले आकडे मुद्दाम घेतले. मोबाइल सगळे सुरुवातीच्या आकड्यांवर होते आणि हे पत्ते त्या वेळी कुणाकडेच नव्हते. काही राउटर आपण वाटत असलेल्या पत्त्यांमधलाच पत्ता राखू देतात. तसं असेल तर त्या मर्यादेतला, पण रिकामा असलेला आकडा निवडावा. रेकॉर्डरचा पत्ताही राखला, कारण दुकानाच्या कॉम्प्युटरवरून तो पत्त्यानेच उघडायचा असतो.

पान सेव्ह केलं तरी कॅमेरे जुन्याच पत्त्यावर असतात, कारण त्यांची मुदत अजून संपलेली नसते. म्हणून तिन्ही कॅमेऱ्यांचे आणि रेकॉर्डरचे प्लग काढून पुन्हा लावले. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय, म्हणजे DHCP, चालू असावा लागतो. मिनिटभराने यादीत 51, 52, 53 दिसले. शेवटी रेकॉर्डरमध्ये प्रत्येक कॅमेऱ्याचा जुना पत्ता खोडून नवा लिहिला.

मामांनी विचारलं, "मग सरळ कॅमेऱ्यातच पत्ता लिहून टाकला असता तर?" तसंही करतात, पण राउटरला ते कळत नाही. 51 मोकळा आहे असं समजून तो उद्या एखाद्या मोबाइलला देऊ शकतो. मग एका पत्त्यावर दोघे भांडतात आणि कॅमेरा मधूनमधून जातो-येतो. राउटर वाटतच नाही असा पत्ता दिला तर हा प्रश्न मिटतो. तरी पुढे इंटरनेटवाल्याने डबा बदलला आणि नवा डबा 192.168.0 ने सुरू होणारे पत्ते वाटू लागला, तर कॅमेरा जुन्याच गल्लीत बसून राहतो. मग त्याला हात लावायला पुन्हा शिडी आणि लॅपटॉप. आरक्षण केलेला कॅमेरा नव्या राउटरकडून मुकाट पत्ता घेतो आणि लगेच यादीत दिसतो.

अर्थात आरक्षण राउटरच्या पोटात असतं. राउटर बदलला किंवा मागचं रिसेटचं बटण दाबून धरलं, की या चार ओळी पुन्हा भराव्या लागतात. म्हणून त्या पानाचा फोटो मामांच्या मोबाइलमध्ये ठेवला. कॅमेरा बदलला तर त्याचा मॅक अ‍ॅड्रेस नवा, म्हणून ओळही नवी. इंटरनेटवाल्याच्या डब्यापुढे स्वतःचा दुसरा राउटर लावला असेल तर कॅमेऱ्यांना पत्ते कोण देतो ते आधी पाहावं आणि आरक्षण तिथेच करावं. काही वाय-फाय एक्स्टेंडर कॅमेऱ्याऐवजी स्वतःचाच मॅक अ‍ॅड्रेस राउटरला दाखवतात. तसं असेल तर स्टिकरवरचा क्रमांक यादीत सापडतच नाही, आणि तिथे वायर ओढलेली बरी.

आणखी एका ठिकाणी लोकांचे पैसे वाया जातात. 'स्टॅटिक आयपी हवा' असं इंटरनेटवाल्याला सांगितलं, की तो महिन्याचे जादा पैसे सांगतो. तो विकतो तो इंटरनेटच्या बाजूचा, म्हणजे बाहेरचा पत्ता. आपल्याला हवा आहे तो आतला, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. डब्याचा पासवर्ड त्याच्याकडे असेल तर एवढंच म्हणावं: "या चार मॅक अ‍ॅड्रेसना हे चार आयपी राखून द्या."

खरी परीक्षा शेवटी घेतली. दुकानाचा मेन स्विच बंद केला, दोन मिनिटं थांबलो आणि पुन्हा चालू केला. पोऱ्याला आधी मोबाइल जोडायला लावला. पाच मिनिटांनी रेकॉर्डरमधलं चित्रण उघडलं, थेट चित्र नव्हे, साठवलेलं. गल्ल्याच्या खान्यात गल्ला होता, गोदामाच्या खान्यात पोती होती, दाराच्या खान्यात दार होतं आणि तिन्हींवर आत्ताचीच वेळ होती.

पाइपांचा गठ्ठाही सापडला. 'गल्ला' नावाच्या खान्यात बुधवारी दुपारी तो शेजारच्या टेम्पोत चढताना दिसला. पावती फाडलेली होती, फक्त वहीत चढवायची राहिली होती.