आर्किटेक्टचं प्रोफाइल वाचायचं कसं?

या भागात मागं अधूनमधून घरघर ऐकू येईल. मी गडमुडशिंगीत घरी बसून बोलतोय आणि उजळाईवाडीचं विमानतळ अगदी शेजारी आहे.

बाबा रिटायर झाले. गावातल्या 30 बाय 50 फुटांच्या प्लॉटवर घर बांधायचंय. पीएफचे पैसे त्यातच जाणार, म्हणजे चूक परवडणारी नाही. एका स्टुडिओचं प्रोफाइल व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, 24 पानांची पीडीएफ. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर आहेस न्हवं, बघ की जरा." मी कोड लिहितो ओ, घरं नाही! पण बसलो वाचत.

पहिल्याच पानावर 'निसर्गाशी संवाद साधणारी, हवामानाला प्रतिसाद देणारी वास्तू' असं लिहिलेलं. आमच्या रेझ्युमेत 'स्केलेबल' आणि 'रोबस्ट' असतं ना, तसंच हे. शब्द खोटा असेलच असं नाही, पण त्यामागं एखादा निर्णय दिसला पाहिजे.

निर्णय म्हणजे काय? आपल्या कोल्हापूरचेच आर्किटेक्ट शिरीष बेरी बघा. हैदराबादला लॅकोन्स म्हणून धोक्यात आलेल्या प्राण्यांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, तिचं डिझाइन त्यांचं. त्या जागेवर मोठमोठे खडक होते. ते फोडून जागा सपाट करण्याऐवजी त्यांना धरून इमारत बसवली. निसर्गाचा विचार केला हे इथं नकाशात बोट ठेवून दाखवता येतं. प्रोफाइलमधल्या प्रत्येक मोठ्या शब्दासाठी हाच प्रश्न विचारायचा: हे नकाशात कुठं आहे?

आता आमच्या प्लॉटवर येऊ. रस्ता पश्चिमेला आहे, म्हणजे घराचं तोंडही तिकडंच. पीडीएफमधल्या एका घराला पुढच्या बाजूला चार फूट उंचीच्या खिडक्या आणि वर दोन फुटांचा छज्जा होता. खाली लिहिलेलं, 'उन्हापासून संरक्षण'. मी गणित मांडलं. एप्रिलमध्ये आपल्याकडं दुपारी चारला सूर्य क्षितिजापासून साधारण 39 अंशांवर असतो आणि जवळपास बरोब्बर पश्चिमेला. दोन फुटांच्या छज्जाची सावली तेव्हा खिडकीवर दीड फुटापेक्षा थोडीच जास्त उतरते. पाचला सूर्य 25 अंशांवर येतो आणि सावली एक फूटही उरत नाही. खिडकी चार फुटांची! म्हणजे ऐन तापायच्या वेळी बहुतेक ऊन आत. तोच छज्जा दक्षिणेच्या खिडकीला चांगलं काम देतो, कारण तिकडून सूर्य उंचावर असतो.

मग पश्चिमेला काय करायचं? जिना, बाथरूम, स्टोअर तिकडं ढकलायचं, म्हणजे तापली तर त्या खोल्यांची भिंत तापेल. नाहीतर सहा फुटांची पडवी काढायची आणि तिचं छप्पर खिडकीच्या डोक्यापर्यंत खाली आणायचं. चार वाजता अख्खी खिडकी सावलीत येते. पाचला मात्र पावणेतीन फूटच, म्हणजे पडवीलाही मर्यादा आहेच. आणि पश्चिम पूर्ण बंद करूनही चालत नाही, कारण वारा तिकडूनच येतो. पावसाळ्यात झोडपही तिकडूनच बसते.

मी स्टुडिओत फोन करून विचारलं, "त्या फोटोतल्या घराचं तोंड कुठल्या दिशेला आहे?" पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग कळलं, ते घर अजून बांधलेलंच नाही, कॉम्प्युटरवरचं चित्र आहे. हे ओळखायची खूण सोपी आहे: समोर विजेची तार नाही, गच्चीवर पाण्याची टाकी नाही आणि नव्याकोऱ्या घरापुढं वीस वर्षांचं झाड. चित्र दाखवण्यात गैर काही नाही, पण ते चित्र आहे असं खाली लिहायला हवं.

पुढं इमारतींच्या प्रकारांची यादी: निवासी, व्यापारी, शैक्षणिक, आरोग्य. 'निवासी'त चाळीस कामं. त्यात दहा गुंठ्यांतले बंगले येतात, फ्लॅटचं नुसतं इंटिरिअरही येतं. आमच्या कामाचं त्यात किती? दीड हजार चौरस फुटांच्या प्लॉटवर, दोन्हीकडं शेजाऱ्यांची घरं असताना, मधल्या खोलीत उजेड कसा आणला, हा अनुभव वेगळाच. हॉस्पिटल बांधलेल्या माणसाला तो असेलच असं नाही. म्हणून प्रकारापेक्षा प्लॉटचं माप आणि बांधून झाल्याचं वर्ष विचारा. जमलं तर दोन पावसाळे काढलेलं एखादं घर बघून या आणि पश्चिमेच्या भिंतीवर ओल आहे का ते हात लावून बघा.

आणखी एक. आपल्याकडं प्लॅन काढून देणाऱ्या कुणालाही आर्किटेक्ट म्हणतात. 1972 च्या कायद्यानुसार मात्र कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नोंदणी असल्याशिवाय कुणाला ते नाव लावता येत नाही. नोंदणी क्रमांक `CA/` ने सुरू होतो, पुढं नोंदणीचं वर्ष असतं. कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो.

या पीडीएफमध्ये क्रमांक होता, खराही निघाला. रविवारी ते प्लॉट बघायला येणार आहेत. बाबांनी सांगून ठेवलंय, सकाळी नको, चारला या.